शिकाऊ समुपदेशकाने आपली चूक कुठे न्यावी?

गेल्या रविवारी गडबला घराच्या ओटीवर बसलो होतो. शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांची मुलगी मानसशास्त्रात एम. ए. झाली असून पनवेलला एका अनुभवी बाईंच्या हाताखाली समुपदेशनाचे काम शिकते. चहा होईपर्यंत ते इकडचे-तिकडचे बोलले, मग मुद्द्यावर आले. "सर, पोरगी दर शनिवारी त्या बाईंकडे जाते, तासाचे पैसेही आपणच भरायचे. आणि परत येते तेव्हा डोळे सुजलेले. परवा विचारलं, तर म्हणाली, माझी टेप ऐकवली. एवढं शिकून पुन्हा परीक्षाच द्यायची, तर हिला हे काम जमत नाही असं समजायचं का?"

त्यांना ओटीवर दिलेले उत्तर अपुरे होते. आज या स्तंभात ते पुरे करतो. कारण हा प्रश्न एका मुलीपुरता नाही. आपल्या तालुक्यातून बरीच मुले-मुली या कामाकडे वळत आहेत, आणि उद्या आपल्याच घरातील कोणी अशा शिकाऊ समुपदेशकासमोर बसणार आहे. समोरच्याने आपले ऐकले की नाही, हे त्या वेळी कोण पाहणार?

मुलगी दर शनिवारी जाते त्याला आमच्या व्यवसायात सुपरव्हिजन म्हणतात. मराठीत पर्यवेक्षण म्हणता येईल, पण त्या शब्दाला मुकादमाचा वास येतो. प्रत्यक्षात प्रकार वेगळा आहे. शस्त्रक्रिया शिकणारा डॉक्टर वरिष्ठांच्या डोळ्यांदेखत हात चालवतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नवा मुलगा रंग लावतो, पण डोळ्यांची आखणी जुना कारागीर करतो आणि मुलगा शेजारी उभा राहून पाहतो. समुपदेशनाचे काम मात्र बंद दाराआड दोनच माणसांत चालते. तिसरा माणूस आत बसला की बोलणाऱ्याचे तोंड मिटते. म्हणून शिकणाऱ्याने आत काय घडले ते नंतर बाहेर आणून वरिष्ठांपुढे ठेवायचे, अशी पद्धत पडली. बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत १९२० नंतरच्या दशकात ती शिक्षणाचा सक्तीचा भाग झाली.

पण आठवणीतून सांगितलेले खरे किती असते? अमेरिकेत कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात आपल्या विद्यार्थ्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. १९४२ साली त्याने एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः टिपण छापले. स्वतःचा आवाज ऐकल्यावर विद्यार्थ्यांना कळले की आपण ऐकून घेतो असे समजत होतो, प्रत्यक्षात आपण सल्ले देत सुटलो होतो. या एका अनुभवात आजच्या लेखाचे सार आहे. शिकणाऱ्याने सुपरव्हिजनला काय न्यावे, तर आपले मत नेऊ नये, घडलेली गोष्ट न्यावी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, खाल्लेल्या ठेचेने सांगतो. मी मुंबईत शिकत होतो तेव्हा कॅसेटचा जमाना होता. एकदा माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांचा मला राग आला आणि तो माझ्या आवाजात उतरला. ती कॅसेट सरांपुढे लावायची माझी छाती झाली नाही. "टेप अडकली, पुसली गेली," असे मी सांगितले आणि दुसऱ्या, बऱ्या भेटीबद्दल अर्धा तास बोललो. सरांनी शाबासकी दिली. ते गृहस्थ मात्र पुन्हा आले नाहीत. त्यांच्याशी काय बोलायला हवे होते हे शिकण्याची ती एकच संधी होती, आणि ती मी शाबासकीच्या बदल्यात विकली.

असे करणारा मी एकटा नव्हतो. १९९६ मध्ये लाडानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १०८ शिकाऊ उपचारकांना विचारले, तुम्ही सुपरव्हायझरपासून काही लपवले आहे का? सुमारे ९७ टक्के लोकांनी हो म्हटले. लपवलेल्या गोष्टींत सुपरव्हायझरबद्दलची नाराजी, स्वतःच्या खाजगी अडचणी आणि कामातील चुका या होत्या. म्हणजे ज्या गोष्टी तिथे बोलायच्या, नेमक्या त्याच घरी राहतात. याला मुलांची लबाडी म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे आपण चूक कबूल करायची, तोच शेवटी आपल्या कामावर शेरा देणार असतो. अशा जागी माणूस जपूनच बोलतो.

मग सुपरव्हिजनला जाताना पिशवीत काय असावे? माझ्या मते तीन गोष्टी पुरतात.

पहिली, ध्वनिमुद्रण. ते समोरच्या व्यक्तीच्या लेखी संमतीनेच करायचे. मी शिकतो आहे, माझे वरिष्ठ हे ऐकतील, काम झाले की ते पुसले जाईल आणि तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत, इतके साध्या शब्दांत सांगावे लागते. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कलम २३ मध्ये दिलेलाच आहे. आपल्या भागात तर गावाचे नाव आणि धंदा सांगितला तरी माणूस ओळखू येतो. तेव्हा सुपरव्हिजनमध्ये नाव, गाव, आडनाव यांची गरजच नाही. संमती मिळाली नाही, तर भेट संपताच दहा मिनिटांत आठवतील तसे दोघांचे शब्द लिहून काढावेत. "ती उदास होती" असे न लिहिता ती काय म्हणाली आणि त्यावर मी काय म्हणालो, असे लिहावे.

दुसरी, त्या ध्वनिमुद्रणातली पाचच मिनिटे. पूर्ण तास ऐकवायला वेळ नसतो, आणि बहुतेक मुले आपली सर्वांत चांगली पाच मिनिटे निवडतात. ती नेऊ नयेत. जिथे आपल्याला घाईने विषय बदलावासा वाटला, घड्याळाकडे लक्ष गेले, कंटाळा आला, राग आला किंवा घशात आवंढा आला, ती पाच मिनिटे न्यावीत. अंगाला जे जाणवले ते सहसा खोटे नसते.

तिसरी गोष्ट, एक प्रश्न. "माझे कसे चालले आहे?" हा प्रश्नच नव्हे. त्याला "बरे चालले आहे" एवढेच उत्तर मिळते. "या वाक्यानंतर ती गप्प का झाली?" हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर टेपमध्ये शोधता येते.

याचा उपयोग काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. संबंधित दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी एका मध्यमवयीन बाईंना भेटत होती. बाईंचा नवरा अपघातात गेला होता, घरात दोन मुले होती आणि दिराशी घरावरून वाद चालला होता. तीन भेटी झाल्या होत्या. चौथ्या भेटीचे टिपण मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून आणले. शेवटची ओळ अशी होती, "आता बरे वाटत असून मुलांसाठी जगण्याची इच्छा व्यक्त केली." टिपण वाचून कोणाचेही समाधान व्हावे. मी विचारले, "हे वाक्य त्यांनी कुठे म्हटलं, ते लाव." ती थोडी अडखळली. मग शोधून लावले.

टेपवर बाई हळू आवाजात भाताच्या लावणीबद्दल बोलत होत्या. बोलता-बोलता म्हणाल्या, "यंदा लावणी केली तरी कोणासाठी करायची. आता काय उरलंय." यावर क्षणाचीही उसंत न घेता मुलीचा आवाज आला, "असं नाही बोलायचं ताई. मुलांकडे बघा. त्यांच्यासाठी तुम्हाला जगायचंय ना?" मग बरीच शांतता. मग बाई म्हणाल्या, "हो. खरं आहे तुमचं." आणि पुन्हा लावणीवर गेल्या.

टेप मी थांबवली. "जगायचंय हा शब्द कोणाचा?" मुलीचा चेहरा उतरला. शब्द तिचा स्वतःचा होता. बाईंनी फक्त होकार भरला होता. टिपणात मात्र तो बाईंच्या तोंडी गेला होता. तिने खोटे लिहिले नव्हते. तिला जे ऐकायचे होते तेच तिच्या कानांनी ऐकले आणि हाताने लिहिले. नुसते टिपण वाचून मी तिला शाबासकी दिली असती, तर आम्ही दोघांनी मिळून एक दार बंद केले असते.

मी तिला विचारले, "त्या वाक्यावर तुला काय झालं?" तिचे डोळे भरले. "सर, छातीत धस्स झालं. त्यांनी पुढे काही भलतंसलतं सांगितलं तर मी काय करू, असं वाटलं." हे तिचे उत्तर तासातले सर्वांत मोलाचे वाक्य होते. धीराचे ते शब्द बाईंसाठी नव्हते. ते मुलीच्या स्वतःच्या भीतीसाठी होते.

आता यापुढे मी "सहानुभूतीने ऐकत जा" असे म्हटले असते, तर ती "हो सर" म्हणाली असती आणि पुढच्या भेटीत पुन्हा तेच झाले असते. अभिप्राय असा सैल असला की तो कोणालाही लागू पडतो आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. म्हणून तिला नेमके तीन तुकडे दिले. तू काय केलेस, तर "काय उरलंय" या शब्दांवर लगेच धीर दिलास. त्याने काय झाले, तर बाई गप्प झाल्या आणि विषय बदलला. त्या जागी काय म्हणता येईल, तर आधी "काय उरलंय असं वाटतं, म्हणजे मनात काय येतं?" आणि मग सरळ, "जीव नकोसा होतो का? मरून जावं असं मनात येतं का?"

मुलगी दचकली. "असं विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसलेलं यायचं." ही समजूत घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. आत्महत्येबद्दल थेट आणि आपुलकीने विचारल्याने तो विचार नव्याने पेरला जात नाही, असेच आजवरच्या अभ्यासांत दिसले आहे. उलट, एकटीने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते.

मग आम्ही तालीम केली. मी बाई झालो, ती समुपदेशक. पहिल्यांदा प्रश्न विचारताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना. दुसऱ्यांदा तिने "तसलं काही मनात येत नाही ना?" असे विचारले. यात "नाही ना" हे शब्द आले की समोरच्याला नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नसते, हे तिला दाखवले. पाचव्या खेपेला प्रश्न साधा आणि स्थिर आला. जिभेला ते शब्द वळले, तेव्हाच ते खऱ्या खोलीत येतात.

पुढची भेट पाच दिवसांनी होती. अशा ठिकाणी पाच दिवस थांबायचे नसते. तिने माझ्या खोलीतूनच बाईंना फोन लावला आणि दुसऱ्या सकाळी यायला सांगितले. मी शेजारच्या खोलीत बसलो. बाईंनी प्रश्न ऐकला, बराच वेळ पदराशी चाळा केला, आणि म्हणाल्या, "रोज येतं." पुढची कामे मग क्रमाने झाली. विचार किती दिवसांपासून आहे, काही ठरवले आहे का, घरात धोक्याची वस्तू कुठे आहे, हे विचारले. त्यांच्या संमतीने भावाला बोलावून ती वस्तू घराबाहेर नेली. त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले आणि औषध सुरू झाले. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक कागदावर लिहून दिला. त्या वर्षी लावणी थोडी उशिरा झाली, पण झाली.

आता त्या मुलीने अभिप्रायाचे काय केले ते पाहू, कारण अभिप्राय देणारे पुष्कळ असतात, घेणारे थोडे. तिने तासाच्या शेवटी काय ऐकले ते स्वतःच्या शब्दांत मला परत सांगितले. त्यात एक गफलत होती, ती तिथेच दुरुस्त झाली. मग वहीत एकच ओळ लिहिली, "धस्स झाले की आधी थांबायचे, मग विचारायचे." पाच सूचना लिहिल्या असत्या तर एकही पाळली गेली नसती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या आठवड्यात तिने तीच जागा असलेली नवी टेप स्वतःहून आणली. सूचना पाळली गेली का, आणि तिने काय झाले, हे पाहिल्याखेरीज अभिप्राय पुरा होत नाही. सूचना चुकीचीही असू शकते. टेपवर समोरच्या व्यक्तीला ती मानवली नाही असे दिसले, तर शिष्याने तसे सांगावे आणि गुरूने ते ऐकावे.

हे सर्व मोठ्या शहरांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणेल. त्याला गोव्याचे उदाहरण देतो. तेथे १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगत' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींचे समुपदेशन करायला बसवले. शिकवून त्यांना सोडून दिले नाही. भेटींच्या ध्वनिमुद्रणातून काही निवडून ही मंडळी गटात बसून ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत होते, पुढे गट आपला आपण चालू लागला. ४९५ रुग्णांचा हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हे श्रेय एकट्या टेप ऐकण्याला देता येणार नाही, उपचाराची पद्धतही चांगली होती. पण केंद्रात बसून एकमेकांची टेप ऐकणे मोठ्या पदव्यांवाचून जमते, एवढे त्यातून नक्की दिसते. पेण-रोह्याच्या चार शिकाऊ समुपदेशकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जमायचे ठरवले, तर त्यांना अडवणारे काय आहे?

दोन सावधगिरीचे शब्द मात्र सांगायला हवेत. सुपरव्हिजनमध्ये रडू येणे वाईट नाही, पण दर आठवड्याला रडू का येते हे पाहावे. घरी आल्यावर मुलीला विचारावे, "आज नेमकं काय शिकलीस?" एखादे वाक्य, एखादी जागा ती सांगू शकली, तर ते रडणे कामाचे आहे. "मी निकामी आहे" एवढेच सांगू शकली, तर तो अभिप्राय नव्हे, अपमान आहे. अशा वेळी सुपरव्हायझरशी स्पष्ट बोलावे, आणि तरीही फरक पडला नाही तर दुसरा शोधावा. दुसरे असे की, सुपरव्हिजन हा शिकणाऱ्याच्या स्वतःच्या दुःखावरचा उपचार नव्हे. त्या मुलीची भीती मी विचारली, ती कामात आडवी आली म्हणून. तिच्या मुळाशी घरातले जुने काही असेल, तर त्यासाठी तिने वेगळ्या समुपदेशकाकडे जावे. जो कामावर शेरा देणार, त्यानेच शिष्याच्या मनाच्या कोठडीच्या किल्ल्या ठेवू नयेत.

आणि समुपदेशकाकडे जाणाऱ्या वाचकांनो, पहिल्याच भेटीत एक प्रश्न बिनदिक्कत विचारा, "तुमचं काम कोण बघतं?" ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्यापेक्षा "दर शनिवारी माझ्या मॅडम बघतात" असे सांगणारी शिकाऊ मुलगी मला अधिक भरवशाची वाटते.

शेजारच्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले होते, की पोरीने टेप लपवली नाही, ऐकवली. मी तिच्या वयाचा असताना ती पुसली गेल्याचे सांगून मोकळा झालो होतो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे शनिवारचे पैसे वाया जात नाहीत तर." नाही, वाया जात नाहीत. पण पुढच्या शनिवारी ती काय शिकली, ते मात्र जरूर विचारा.